हरभरा कोरडा की निथळलेला? आहारपत्रकातील एका आकड्याविषयी

आपल्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर आहारपत्रक देण्याची पद्धत आता बहुतेक चिकित्सालयांत रूढ झाली आहे. काही औषधविक्रेते बंधूही आपल्या दुकानात अशी छापील पत्रके ठेवतात. या पत्रकांतील एक ओळ मला वारंवार खटकते आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. ती ओळ साधारणपणे अशी असते : ‘उकडलेले हरभरे १०० ग्रॅम – प्रथिने १९ ग्रॅम.’ कोठे १७, कोठे २०, तर कोठे २२ असा आकडा आढळतो. हे सर्व आकडे कोठून ना कोठून प्रमाणभूत ग्रंथांतूनच घेतलेले असतात. तरीही ती ओळ चुकीची आहे, कारण आकडा कोरड्या हरभऱ्याचा आहे आणि वजन शिजवून निथळलेल्या हरभऱ्याचे.

हा फरक किरकोळ असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु रुग्णाला कागदावर जेवढी प्रथिने मिळतात असे दिसते, त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रत्यक्ष त्याच्या ताटात पडतात. पवन मावळात, बेडसे-कामशेतच्या परिसरात, भात हेच मुख्य अन्न आहे. येथील कृश, दीर्घ आजारातून उठलेल्या किंवा वृद्ध रुग्णाला आपण भाताच्या जोडीला हरभऱ्याची उसळ सुचवतो, तेव्हा दिवसाच्या प्रथिनांचा मोठा भार त्या उसळीवर टाकलेला असतो. आधारच निम्मा असेल, तर वरचे गणित कोसळणारच.

आकडा येतो कोठून?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत अख्ख्या हरभऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा १८.७७ आणि हरभऱ्याच्या डाळीतील २१.५५ असे दिले आहे. त्याच संस्थेच्या जुन्या, डॉ. गोपालन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकात हेच आकडे १७.१ आणि २०.८ असे होते, तर फुटाण्यांसाठी २२.५ हा आकडा होता. आपल्या पत्रकांत दिसणारे निरनिराळे आकडे बहुधा येथूनच आले आहेत. अख्खा हरभरा, डाळ आणि फुटाणे यांची सरमिसळ हा त्यातील पहिला दोष होय. पण तो तुलनेने लहान आहे. मोठा दोष असा, की ही मूल्ये वाण्याच्या पोत्यातून काढलेल्या कोरड्या धान्याची किंवा भाजून आणखी कोरड्या झालेल्या दाण्याची आहेत. त्यांना भिजवलेल्या वा शिजवलेल्या दाण्याच्या वजनाशी जोडण्याची परवानगी तो तक्ता कोठेही देत नाही.

शिजवलेल्या हरभऱ्याचा आकडा स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात कोरड्या काबुली हरभऱ्यात शेकडा सुमारे २०.५ ग्रॅम प्रथिने आहेत, तर उकडून निथळलेल्या हरभऱ्यात ८.९ ग्रॅम. प्रथमदर्शनी असे वाटते, की उकळण्याने निम्म्याहून अधिक प्रथिने नष्ट झाली किंवा पाण्याबरोबर वाहून गेली. अनेक रुग्ण आणि काही सुशिक्षित कुटुंबेही असेच समजतात. मात्र त्याच तक्त्यातील पाण्याचे प्रमाण पाहिले, की खरा प्रकार ध्यानात येतो. कोरड्या दाण्यात पाणी शेकडा ७.७ होते, उकडलेल्यात ते ६०.२ झाले आहे. म्हणजे पहिल्यात पाणी वगळता घनांश ९२.३ ग्रॅम आणि दुसऱ्यात केवळ ३९.८ ग्रॅम. आता प्रथिने घनांशाशी ताडून पाहावीत. कोरड्या दाण्याच्या १०० ग्रॅम घनांशात ती २२.२ ग्रॅम येतात आणि उकडलेल्या दाण्याच्या १०० ग्रॅम घनांशात २२.३ ग्रॅम. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत.

यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की शिजवण्याने दाण्याच्या घनांशातील प्रथिनांचा वाटा कमी झालेला नाही. दाण्यात पाणी शिरून तीच प्रथिने अधिक वजनावर पसरली आहेत. जे घडले ते नाश नसून विरलन आहे.

आपल्या परिभाषेतील जुनी दक्षता

ही गोष्ट आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला नवी वाटण्याचे कारण नाही. शुष्क द्रव्याच्या जागी आर्द्र द्रव्य घ्यावयाचे झाल्यास ते द्विगुण घ्यावे, ही परिभाषा आपण प्रथम वर्षांत शिकलो. वासा, कुटज, गुडूची, शतावरी अशी जी द्रव्ये सदैव आर्द्रच वापरावयाची, त्यांना हा नियम लागू नाही, हा अपवादही आपण पाठ केला. या नियमामागे एक साधी जाण आहे : ओल्या द्रव्याच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून समान वजन म्हणजे समान द्रव्य नव्हे. एक पल चूर्णाची मात्रा आणि एक पल क्वाथाची मात्रा समान मानणारा वैद्य आपल्याला भेटणार नाही. शार्ङ्गधराने विलेपीसाठी चौपट, यवागूसाठी सहापट आणि पेयेसाठी चौदापट पाणी सांगितले, ते धान्य तेच असूनही कल्पना बदलली की तिचे गुण आणि मात्रा बदलतात म्हणूनच. औषधनिर्माणात जी दक्षता आपण पाळतो, तीच आहारपत्रक लिहिताना सोडून देतो. हरभऱ्याच्या बाबतीत द्विगुण हा आकडाही थोडा अपुरा पडतो. तेथे सुमारे सव्वादोनपट हा व्यवहारातील गुणक धरावा लागतो.

स्वयंपाकघरातील पडताळा

हा गुणक कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवून स्वीकारण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तो एका दिवसात पडताळता येतो. १०० ग्रॅम गावठी हरभरे निवडून, धुऊन रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास, भरपूर पाण्यात भिजवावेत. सकाळी निथळून वजन केले तर ते दुपटीच्या आसपास भरते. नंतर कुकरमध्ये मऊ होईपर्यंत, पण साले फुटून दाणा विरघळणार नाही अशा बेताने शिजवावेत, चाळणीत ओतून पाचेक मिनिटे निथळू द्यावेत आणि पुन्हा वजन करावे. ते साधारण २२० ते २४० ग्रॅमच्या दरम्यान येते. आपण २३० धरू. कोरड्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने १८.८ होती. त्यांपैकी थोडी, समजा पाऊण-एक ग्रॅम, पाण्यात उतरली. उरलेली १८ ग्रॅम प्रथिने २३० ग्रॅममध्ये वाटली गेली, म्हणजे निथळलेल्या १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम. पत्रकात लिहावयाचा आकडा हा आहे.

यात चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जुना, किडका किंवा दीर्घकाळ साठवलेला हरभरा कमी फुगतो आणि त्यात न शिजणारे गणंग निघतात. अशा वेळी वजन कमी भरते आणि प्रत्येक १०० ग्रॅममागे प्रथिने थोडी अधिक दिसतात, पण ती पचनाला सुलभ झालेली नसतात. याउलट दाणा अति शिजून फुटला, तर त्याचे पीठ पाण्यात उतरते. तळाशी दाट साका बसलेला दिसला की दाण्याचा घनांश पाण्यात गेला, असे समजावे. चाळणीत पुरेसे न निथळता वजन केले, तर दाण्यांवरचे पाणीही हरभऱ्याच्या नावावर जमा होते.

वजनापेक्षाही वाटीचे माप अधिक फसवे आहे. साधारण १५० मिलिलिटरच्या वाटीत उकडून निथळलेले हरभरे सुमारे १०० ग्रॅम मावतात, म्हणजे प्रथिने ८ ग्रॅम. त्याच वाटीत कोरडे हरभरे मात्र सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतात आणि त्यांत प्रथिने २३ ग्रॅमपर्यंत भरतात. ‘एक वाटी हरभरे’ एवढेच लिहिलेल्या पत्रकाचा अर्थ म्हणूनच जवळजवळ तिपटीने बदलू शकतो.

पाण्याबरोबर जाते काय?

आता निथळलेल्या पाण्याचा प्रश्न. मराठी घरात या पाण्याला स्वतंत्र नाव आहे आणि स्वतंत्र पदार्थही. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचा कट आणि त्याची आमटी होळीच्या दिवशी कोणाच्या घरी होत नाही? काही भागांत तिलाच येळवणी म्हणतात. पाश्चात्य देशांत २०१५ पासून हरभऱ्याच्या या पाण्याला ‘ॲक्वाफाबा’ असे नाव मिळाले आणि अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे त्याचा फेस काढून मिठाया बनू लागल्या. त्यावरून ‘सगळे सत्त्व पाण्यातच आहे’ असा एक समज पसरला. फेस येतो तो पाण्यात उतरलेली थोडी प्रथिने आणि सॅपोनिन द्रव्ये यांमुळे. डबाबंद हरभऱ्याच्या द्रवात प्रथिने शेकडा एक ते दीड ग्रॅमच असतात. घरच्या कटात डाळीचे पीठ जितके मिसळले असेल तितकी ती वाढतात, आणि आमटी दाट व्हावी म्हणून त्यात थोडे पुरण घोळवले, तर ती प्रथिने डाळीची होत, पाण्याची नव्हेत.

डबाबंद हरभऱ्याचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे, कारण तेथे दाणा आणि द्रव दोन्ही मोजलेले मिळतात. आपल्या शहरांतील मोठ्या दुकानांत आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात तो डबा आता नित्याचा आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळल्यावर सुमारे २४० ग्रॅम दाणे मिळतात. त्यांत शेकडा ७ ग्रॅम या हिशेबाने सुमारे १७ ग्रॅम प्रथिने असतात. उरलेल्या १६० ग्रॅम द्रवात फार तर दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे द्रव फेकल्याने डब्यातील प्रथिनांचा साधारण आठवा भाग जातो, यापेक्षा जास्त नाही. अमेरिकन तक्त्यात निथळलेल्या आणि निथळून पुन्हा नळाखाली धुतलेल्या दाण्यांची मूल्ये जवळजवळ एकच आहेत. धुण्याने प्रथिने जात नाहीत, मीठ मात्र कमी होते. पण कोणी कोरड्याचा आकडा धरून ‘४०० ग्रॅमचा डबा, म्हणजे ८० ग्रॅम प्रथिने’ असा हिशेब केला, तर तो प्रत्यक्षाच्या पावणेपाचपट होतो. एवढी मोठी चूक द्रव ओतून देण्याने कधीच होत नाही. ती केवळ आकडा चुकीच्या जागी लावण्याने होते. म्हणून डबा विकणाऱ्याने वेष्टनावरील निव्वळ वजन आणि निथळलेले वजन वेगवेगळे वाचावे आणि प्रथिनांचा आकडा दोहोंपैकी कशाच्या १०० ग्रॅमला दिला आहे, ते ग्राहकाला सांगावे.

पाण्यात खरोखर उतरतात ती पोटॅशियमसारखी लवणे, काही जीवनसत्त्वे आणि आध्मान निर्माण करणाऱ्या शर्करा. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितले असेल, तर भिजवण्याचे व शिजवण्याचे पाणी टाकावे. वातप्रकृतीच्या रुग्णालाही भिजवलेले पाणी टाकण्याचा लाभ होतो. अन्य रुग्णांनी कट आमटीत घ्यावा. तो रुचकर आहे, पण प्रथिनांचा मुख्य स्रोत म्हणून त्याची गणना करू नये.

एका रुग्णाचा हिशेब

उदाहरणादाखल ५० किलो वजनाचा, आजारातून उठलेला आणि मूत्रपिंडे निर्दोष असलेला प्रौढ रुग्ण घेऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे या रुग्णाला किमान साडेएकेचाळीस ग्रॅम. पत्रकात सकाळी व सायंकाळी १००-१०० ग्रॅम उकडलेले हरभरे लिहिले आणि प्रत्येक वेळी १९ ग्रॅम धरले, तर कागदावर ३८ ग्रॅमची सोय झाली. वैद्य निश्चिंत झाला आणि दूध, मूग, अंडे यांकडे लक्ष देण्याची निकड राहिली नाही. प्रत्यक्षात त्या दोन वाट्यांतून १६ ग्रॅम मिळाले. उरलेली २२ ग्रॅम कोठूनच आली नाहीत. महिनाभराने वजन वाढले नाही, की आपण अग्निमांद्याचा विचार करू लागतो, दीपन-पाचन बदलतो. रुग्णाचा अग्नी कदाचित निर्दोष असतो. दोष आपल्या बेरजेत असतो.

मग हरभरे सव्वादोनपट करावेत काय? दिवसाला साडेचारशे ग्रॅम उकडलेले हरभरे त्या रुग्णाला पचणार नाहीत. चणक वातल आणि रूक्ष आहे, हे सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे, आणि घृतसंयोगाने तो त्रिदोषशामक होतो, हेही तेथेच आहे. दुर्बल अग्नीवर एवढा भार टाकला, तर आध्मान आणि अरुची पदरात पडेल. तेव्हा हरभऱ्याची एकच वाटी, फोडणीत तूप घालून, ठेवावी. तिचे ८ ग्रॅम प्रामाणिकपणे मोजावेत आणि उरलेला भाग दूध, मुगाचे वरण, शेंगदाणे, रुग्ण घेत असल्यास अंडी यांत वाटावा. भाताची त्यात जोड आहेच. हरभऱ्यात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन अल्प, तर तांदळात नेमके याच्या उलट. म्हणून मावळातील भात-उसळीची जोडी गुणाने उत्तम आहे. पण गुण उत्तम असला म्हणून मात्रेचा हिशेब टळत नाही.

हीच चूक उलट दिशेनेही अपाय करते. वृक्कविकारात प्रथिने मर्यादित करण्यास सांगितलेल्या रुग्णाचे कुटुंब ‘हरभऱ्यात वीस टक्के प्रथिने’ असे वाचून उसळ पूर्ण बंद करते. अर्धी वाटी निथळलेली उसळ म्हणजे सुमारे ४ ग्रॅम प्रथिने, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्याच्या तज्ज्ञाने ठरवून दिलेल्या मर्यादेत ही अर्धी वाटी बसू शकत असता रुग्ण विनाकारण उपाशी राहतो.

दोन आक्षेप

काही वैद्यबंधू म्हणतील, की आयुर्वेदात आहाराचा विचार गुण, वीर्य आणि अग्नीवर होतो. ग्रॅमचे हे खूळ हवे कशाला? आक्षेप आदरणीय आहे. ज्यांच्या पत्रकात ग्रॅम नाहीत, त्यांच्याविषयी माझी तक्रारही नाही. परंतु एकदा ग्रॅम लिहिला, की तो खरा असला पाहिजे. चरकाने आहाराचा विचार मात्रेपासून सुरू केला आहे. चुकीची मात्रा लिहून गुणांचा आश्रय घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. रुग्ण शिजवलेले अन्न खातो, तेव्हा कोरडे वजन त्याला सांगून उपयोग काय? यावर माझे मत असे, की जेथे रुग्णासाठी वेगळे शिजते, तेथे कोरडेच माप द्यावे. भिजत घालताना मोजणे सर्वांत सोपे असते, आणि पाणी किती शिरले, किती निथळले, याने त्या मापात फरक पडत नाही. शालेय पोषण आहाराचे निकष याच तत्त्वावर आहेत : प्राथमिक वर्गातील मुलामागे २० ग्रॅम डाळ-कडधान्य हे कच्चे वजन आहे. ते हरभऱ्याचे असेल तर शिजल्यावर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास होते आणि त्यातून पावणेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. कोणी शिजलेली उसळ २० ग्रॅम मोजून वाढली, तर मुलाला दीड-पावणेदोन ग्रॅमच मिळतील. मात्र एकत्र कुटुंबात, जेथे एकाच पातेल्यातून सर्वांना वाढले जाते, तेथे शिजवलेले माप द्यावेच लागते. म्हणून पत्रकात दोन्ही असावीत.

माझी सूचना त्यामुळे अगदी मर्यादित आहे. पत्रकातील ओळ अशी लिहावी : ‘हरभरे, भिजवण्यापूर्वी ४५ ग्रॅम, किंवा शिजवून निथळलेले १०० ग्रॅम (सपाट एक वाटी) – प्रथिने सुमारे ८ ग्रॅम.’ फुटाणे आणि सत्तू यांची ओळ स्वतंत्र असावी, कारण ते कोरडेच खाल्ले जातात आणि त्यांना कोरड्याचा मोठा आकडा न्याय्यपणे लागू होतो. ५० ग्रॅम फुटाण्यांतून ११ ग्रॅम मिळतात, उकडलेल्या ५० ग्रॅममधून ४. औषधविक्रेत्यांनी प्रथिन-चूर्णांच्या डब्यांशी हरभऱ्याची तुलना करताना कोरड्याची तुलना कोरड्याशीच करावी. चूर्णाच्या शेजारी उकडलेला हरभरा ठेवून त्याला निःसत्त्व ठरवणे हे वाजवी नाही. आणि ज्यांच्याकडे जुनी छापील पत्रके शिल्लक आहेत, त्यांनी ती टाकून देण्याचेही कारण नाही. ‘उकडलेले’ हा शब्द खोडून त्याजागी ‘कोरडे, भिजवण्यापूर्वी’ असे लिहावे. आकडा तोच राहील आणि ओळ खरी होईल. मात्र अशा वेळी ते १०० ग्रॅम रुग्णाच्या अग्नीला पेलतील का, हे नव्याने पाहावे लागेल, कारण शिजल्यावर त्याच्यापुढे येणार आहेत ते सव्वादोनशे ग्रॅम हरभरे.